पाच मिलिमीटरचा फरक: बाहुल्यांतील अंतर, भिंगाचे केंद्र आणि नाकावर न टिकणारी फ्रेम

प्रश्न: माझा नंबर उजव्या डोळ्याला −६.५० आणि डाव्याला −४.५० आहे, सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर, नाही. नवा चष्मा ऑनलाइन मागवला. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांतले अंतर, माहीत नव्हता, म्हणून तिथे आधीच भरलेला ६३ हा आकडा तसाच राहू दिला. वाचताना काही वाटत नाही, पण दूरचे पाहताना डोळे ओढल्यासारखे होतात आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकते. दुकानात तपासून घेतले तर नंबर अगदी बरोबर निघाला. पीडी मात्र ५८ आला. पाच मिलिमीटरने खरेच इतका फरक पडतो का? फ्रेमवर ५४-१८-१४० लिहिले आहे आणि ती सारखी खाली घसरते.

उत्तर:

तुमच्या नंबरला पडतो. नंबर −१ असता तर हीच चूक बहुधा तुमच्या लक्षातही आली नसती. मात्र तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही दोष फक्त पहिलीला देत आहात. पीडी ५८ करून याच फ्रेममध्ये नवी भिंगे बसवून घेतलीत, तर त्रास निम्माच जाईल, कारण घसरणारी आणि तुमच्या डोळ्यांच्या मानाने रुंद असलेली ती फ्रेमही या दुखण्यात सामील आहे. आधी पीडीचे पाहू.

उणे नंबरचे भिंग मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. त्यात एकच जागा अशी असते की जिथून आलेला किरण न वळता सरळ जातो. ते भिंगाचे प्रकाशीय केंद्र. केंद्रापासून जितके बाजूला पाहावे तितके भिंग पाचरीसारखे वागू लागते, म्हणजे प्रतिमा जागेवरून सरकवते. या सरकवण्याला प्रिझमचा परिणाम म्हणतात आणि तो मोजण्याचे गणित सोपे आहे: केंद्रापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे आणि त्याला भिंगाच्या नंबरने गुणावे. येणारे उत्तर प्रिझम डायॉप्टरमध्ये असते. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावरची वस्तू एक सेंटिमीटर सरकलेली दिसणे.

तुमच्या चष्म्यात दोन्ही केंद्रांत ६३ मिलिमीटर अंतर आहे आणि बाहुल्यांत ५८. फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला असे धरले, तर प्रत्येक डोळा भिंगाच्या केंद्रापेक्षा अडीच मिलिमीटर नाकाच्या बाजूने पाहतो. उजवीकडे ०.२५ गुणिले ६.५० म्हणजे सुमारे १.६ आणि डावीकडे ०.२५ गुणिले ४.५० म्हणजे सुमारे १.१ प्रिझम. दोन्ही प्रिझमांचा जाड भाग नाकाकडे असल्यामुळे त्यांचे परिणाम एकमेकांत मिळतात आणि बेरीज पावणेतीनपर्यंत जाते. सहा मीटरवर पाहताना याचा अर्थ असा की, दोन डोळ्यांना मिळणाऱ्या प्रतिमा एकमेकींपासून सुमारे साडेसोळा सेंटिमीटर दूर पडतात आणि त्या एकत्र आणण्यासाठी दोन्ही डोळ्यांना थोडे बाहेरच्या बाजूला वळावे लागते. −१ नंबरच्या दोन भिंगांत हीच पाच मिलिमीटरची चूक फक्त अर्धा प्रिझम निर्माण करते, म्हणून तिथे कुणाची तक्रार येत नाही.

आता वाचताना त्रास का होत नाही हे पाहा, कारण निदानाच्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातले सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे. दूर पाहताना दोन्ही डोळ्यांच्या नजरा जवळपास समांतर असतात. जवळचे पाहताना त्या आत वळतात आणि आत वळण्याची डोळ्यांची ताकद भरपूर असते. समांतरपणाच्याही पलीकडे बाहेर वळणे हे मात्र डोळ्यांना रोजच्या जगण्यात कधी करावेच लागत नाही. दूर पाहताना ही क्षमता साधारणपणे सहा ते आठ प्रिझमपाशी संपते आणि त्यातला थोडाच भाग दिवसभर बिनत्रास वापरता येतो. तुमचा चष्मा दूर पाहताना पावणेतीन प्रिझम इतकी बाहेर वळण्याची मागणी सतत करतो. वाचताना तोच प्रिझम उलट मदत करतो, कारण डोळ्यांना आत थोडे कमी वळावे लागते. म्हणून उणे नंबरमध्ये केंद्रे जास्त लांब पडली असतील, तर तक्रार नेहमी दूरची येते आणि पुस्तक किंवा मोबाइल पाहताना बरे वाटते. अधिक नंबरमध्ये सगळे उलटते: केंद्रे लांब पडली की डोळ्यांना आत जास्त वळावे लागते आणि तक्रार वाचनाची येते.

माणसामाणसांतला फरकही इथेच आहे. ज्यांच्या डोळ्यांची मूळ प्रवृत्ती किंचित बाहेर वळण्याची असते, त्यांना तुमच्यासारखा चुकीचा चष्मा चक्क आरामाचा वाटू शकतो. ज्यांची प्रवृत्ती आत वळण्याची असते, त्यांना दीड प्रिझमही सोसत नाही. त्यामुळे ‘मी ६३ टाकूनच मागवला, मला काही झाले नाही’ असे कुणी सांगितले तर ते खरे असेल, पण तुमच्या उपयोगाचे नाही.

हा त्रास डोळे जुळवण्याचाच आहे की आणखी कशाचा, हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळते. चष्मा लावून दूरच्या एखाद्या उभ्या खांबाकडे पाहा, दोन सेकंद डोळे मिटा आणि एकदम उघडा. क्षणभर खांब दोन दिसून मग ते सरकत एकत्र येत असतील, तर डोळे त्या वेळी प्रिझमशी जुळवून घेत आहेत. मग एक डोळा हाताने झाकून पाच-दहा मिनिटे दूर पाहा. ओढ थांबली तर कारण दोन डोळ्यांच्या मेळात आहे. एका डोळ्याने पाहतानाही अंधुक दिसत असेल किंवा डोके जड होत असेल, तर नंबर पुन्हा तपासावा. नव्या नंबरची सवय व्हायला लागणारे काही दिवस निराळे. ती अस्वस्थता रोज थोडी कमी होत जाते. केंद्र चुकल्याची ओढ मात्र दिवस चढेल तशी वाढते आणि पुढच्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू होते. चष्मा काढल्यावरही दोन दिसत असेल, तर हा विषय चष्म्याचा नाही; नेत्रतज्ज्ञांकडे लगेच जावे.

दुकानात नंबर बरोबर कसा निघाला, याचे उत्तर लेन्सोमीटर वापरण्याच्या पद्धतीत आहे. त्या यंत्रावर भिंग ठेवले की तपासणारा आधी ते सरकवून खूण मध्यभागी आणतो आणि मग नंबर वाचतो. खूण मध्यभागी आणणे म्हणजेच भिंगाचे केंद्र शोधणे. म्हणजे यंत्राने केंद्रातला नंबर सांगितला. ते केंद्र तुमच्या बाहुलीसमोर येते का, हे त्याला कुणी विचारलेच नाही. पुढच्या वेळी फक्त ‘नंबर तपासा’ म्हणू नका. दोन्ही भिंगांवर केंद्राचा ठिपका उमटवून त्या ठिपक्यांमधले अंतर मोजून द्यायला सांगा. बहुतेक लेन्सोमीटरना शाईचे ठिपके उमटवण्याची सोय असते आणि काम मिनिटभराचे आहे. मग चष्मा तुमच्या चेहऱ्यावर चढवून, दूर पाहायला सांगून, ठिपके बाहुल्यांपुढे कुठे येतात ते समोरच्याने पाहावे.

हे घरीही जमते आणि तुमच्यासारख्या मोठ्या नंबरला तर चांगले जमते. चष्मा हात लांब करून समोर आडवा धरा, एक डोळा मिटा आणि एका भिंगातून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. भिंगातून दिसणारी कड आणि भिंगाच्या वर-खाली दिसणारी कड तुटलेली वाटेल. चष्मा हळूहळू डावी-उजवीकडे सरकवत गेलात की एका जागी ती कड सलग होते. त्या रेषेवर भिंगाचे केंद्र असते. तिथे मार्करने बारीक रेघ काढा. दुसऱ्या भिंगावरही तसेच करा आणि दोन रेघांमधले अंतर पट्टीने मोजा. तुमच्याकडे ते ६३ च्या आसपास यावे. फ्रेम तिरपी धरली तर माप चुकते, तिरप्या अक्षाचा सिलिंडर असेल तर कड वाकडी दिसून गोंधळ होतो आणि −१, −१.५० अशा नंबरला कड फारशी तुटतच नसल्यामुळे या पद्धतीला अर्थ उरत नाही.

माप ६३ निघाले, तर चष्मा बनवणाऱ्याने मागणीबरहुकूम काम केले आहे. चूक मागणीत होती. मोठ्या नंबरच्या चष्म्यात केंद्रांच्या अंतरात एकूण अडीच मिलिमीटरपर्यंतची तफावत अमेरिकेच्या प्रमाणकात चालवून घेतली जाते. तुमची तफावत त्याच्या दुप्पट आहे, पण ती मागितलेल्या आकड्यापासून नव्हे, तर तुमच्या डोळ्यांपासून आहे. तक्रार करताना हे स्पष्ट लिहिलेत तर हुज्जत टळेल.

आता फ्रेमकडे येतो. काडीच्या आतल्या बाजूला लिहिलेल्या ५४-१८-१४० मध्ये ५४ ही एका भिंगाची रुंदी, १८ हे दोन भिंगांमधले नाकावरचे अंतर आणि १४० ही काडीची लांबी आहे, सर्व मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७२ येते. हे फ्रेमच्या दोन चौकटींच्या मध्यबिंदूंमधले अंतर. तुमच्या बाहुल्यांतले अंतर ५८ आहे. म्हणजे तुमचे डोळे प्रत्येक चौकटीच्या मध्यापासून सात-सात मिलिमीटर नाकाकडे आहेत. आरशात पाहा: चष्म्यात तुमचे डोळे एकमेकांजवळ सरकल्यासारखे दिसत असतील. दिसण्याची बाब बाजूला ठेवली तरी या सात मिलिमीटरचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही तुम्हाला भोगावे लागतात.

पहिला परिणाम जाडीचा. भिंगाचे केंद्र सात मिलिमीटर आत आणले की बाहेरची कड केंद्रापासून २७ ऐवजी ३४ मिलिमीटर दूर जाते आणि उणे भिंगाची जाडी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.६० निर्देशांकाच्या, म्हणजे नेहमीपेक्षा पातळ बनणाऱ्या, भिंगात −६.५० नंबरला तुमच्या फ्रेममध्ये बाहेरची कड सुमारे साडेसात मिलिमीटर होईल. तेच भिंग ४६-१६ मापाच्या फ्रेममध्ये, जिथे केंद्र फक्त दोन मिलिमीटर आत आणावे लागते, तिथे साडेचारच्या आसपास राहते. पातळ भिंगासाठी महागडा निर्देशांक विचारणारे बरेच जण येतात. त्यांतल्या अर्ध्याअधिकांना मी आधी लहान फ्रेम हातात देतो.

दुसरा परिणाम कारखान्यातला आहे आणि तो ग्राहकाला दिसत नाही. भिंगे गोल चकतीतून कापली जातात आणि तयार चकतीच्या अगदी मध्यावर केंद्र असते. केंद्र जितके आत सरकवायचे तितकी चकती मोठी लागते: चौकटीतले सर्वांत लांब माप, त्यात सरकवण्याच्या दुप्पट आणि कापण्यासाठी एक-दोन मिलिमीटर. तुमच्या चौकटीचे सर्वांत लांब माप ५६ धरले, तर पीडी ६३ साठी ६७ मिलिमीटरची चकती पुरते आणि ५८ साठी ७२ ची लागते. मोठ्या उणे नंबरच्या तयार चकत्या बऱ्याचदा ६५ किंवा ७० च्या असतात. म्हणजे चुकीचा पीडी या फ्रेममध्ये निमूटपणे बसला आणि बरोबर पीडी बसेलच असे नाही. अशा वेळी कारखान्याने खास भिंग घडवून द्यावे किंवा मागणी नाकारावी. ‘जितके आत जाईल तितके’ करून दिलेला चष्मा सर्वांत वाईट, कारण मागणीपत्रावर ५८ असते, भिंगात ६० किंवा ६१ असते आणि दोष शोधताना सगळे भलतीकडेच पाहतात. याच फ्रेममध्ये भिंगे बदलून घेणार असाल, तर आधी हे विचारून घ्या.

जाड कडेचे भिंग जड होते, जड भिंग फ्रेमला पुढे ओढते आणि फ्रेम घसरते. घसरलेल्या चष्म्यात डोळा केंद्राच्या वरून पाहू लागतो आणि तुमच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत दोनचा फरक असल्यामुळे उजवीकडची आणि डावीकडची प्रतिमा सारख्या प्रमाणात सरकत नाही. उभ्या दिशेने केंद्रापासून दर मिलिमीटरला दोन डोळ्यांत ०.२ प्रिझमची तफावत पडते. चष्मा जागेवर असताना तुमच्या बाहुल्या केंद्राच्या चार मिलिमीटर वर असतील तर ०.८ आणि चष्मा आणखी चार मिलिमीटर घसरला तर १.६. आडव्या दिशेने डोळे बरेच सांभाळून घेतात. वर-खाली मात्र त्यांची ताकद फार तोकडी असते, दोन-तीन प्रिझमच्या पुढे ते प्रतिमा जुळवूच शकत नाहीत आणि अर्ध्या ते एका प्रिझमलाही अनेकांचे डोके धरते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असलेल्या माणसाचा चष्मा तितकाच घसरला, तर दोन्ही प्रतिमा बरोबरच सरकतात आणि ही तफावत पडत नाही. वाचताना तर नजर खाली जाते आणि घसरलेल्या चष्म्याच्या केंद्राच्या जवळ येते, म्हणून इथेही वाचनाची तक्रार नाही.

फ्रेम वाकडी बसणे हे त्याहूनही खोडसाळ. उजवे भिंग एक मिलिमीटर वर आणि डावे एक मिलिमीटर खाली बसले, तर तुमच्या नंबरांना ०.६५ आणि ०.४५ असे दोन प्रिझम उलट दिशांना पडतात आणि बेरीज १.१ होते. बहुतेकांचे दोन कान अगदी सारख्या उंचीवर नसतात. त्यामुळे टेबलावर सरळ दिसणारी फ्रेम चेहऱ्यावर तिरपी होते आणि काडीचा बाक बदलून ती जुळवावी लागते. हे काम पार्सलमधून येऊ शकत नाही.

घसरण्याचा आणखी एक छोटा परिणाम तुम्ही अनुभवला असेल. चष्मा डोळ्यापासून चार मिलिमीटर दूर गेला की −६.५० चे भिंग डोळ्याला सुमारे −६.३५ इतकेच काम देते. म्हणून बोटाने चष्मा वर ढकलला की पाटी क्षणभर जास्त स्पष्ट दिसते. नंबर वाढल्याचा संशय येऊन तपासणीला आलेल्या काही जणांचे काम केवळ फ्रेम घट्ट करून भागते.

तेव्हा फ्रेम निवडताना पहिली दोन मापे मिळवून पाहावीत. मोठ्या उणे नंबरला ही बेरीज पीडीपेक्षा चार ते सहा मिलिमीटरने जास्त असेल तर उत्तम, आठपर्यंत चालते. तुमच्याकडे ती चौदाने जास्त आहे. ५८ पीडीला ४६-१६ किंवा ४६-१८ शोभेल. पण इथे एक अडचण येते: डोळे जवळ आणि चेहरा रुंद असेल, तर एवढी लहान फ्रेम कानशिलांवर रुतते. अशा चेहऱ्याला भिंग लहान ठेवून रुंदी इतर ठिकाणाहून घ्यावी, म्हणजे नाकावरचे अंतर थोडे जास्त, जसे ४४-२०, आणि काडी जिथून सुरू होते ते कोपरे बाहेर आलेले. नाकावरचे अंतर जास्त असेल तर हलवता येणारे नोज पॅड असलेली फ्रेमच घ्यावी, कारण प्लॅस्टिकचा अखंड पूल नाकावर जसा बसला तसाच बसतो; त्यात दुरुस्तीला फारसा वाव नसतो.

फ्रेम नीट बसली की नाही हे पाहायच्या जागा तीन. नाकावर दोन्ही पॅड पूर्ण टेकलेले असावेत, फक्त कडेने नव्हे. काढल्यावर एकाच बाजूला खोल वळ दिसत असेल तर पॅडचा कोन चुकला आहे. काड्यांनी कानशिलांवर दाबू नये. दाबल्या तर त्या फ्रेमला पुढे ढकलतात आणि घसरण उलट वाढते. पकड कानामागे असावी, म्हणजे काडीचा बाक बरोबर कानाच्या वरच्या टोकापाशी सुरू व्हावा. तुमची घसरणारी फ्रेम बाजूने पाहा: बाक कानाच्या मागे सेंटिमीटरभर दूर पडत असेल तर १४० ची काडी तुम्हाला लांब आहे किंवा बाक चुकीच्या जागी आहे. काडी गरम करून बाक पुढे घेतल्यावर निम्म्या फ्रेमा घसरायच्या थांबतात.

पीडीचे मोजमाप. दुकानातला ५८ हा आकडा दूर पाहतानाचा आहे का, हे आधी विचारा. जवळ पाहताना डोळे आत वळतात, त्यामुळे वाचनाचा पीडी साधारण तीन मिलिमीटरने कमी येतो. कागदावर ६१/५८ असे दोन आकडे असतील तर दूरच्या चष्म्याला पहिला वापरायचा असतो. तुमचा ५८ वाचनाचा निघाला, तर चूक पाचऐवजी दोन मिलिमीटरची ठरते आणि वरचे सारे गणित बदलते.

स्वतः मोजायचे असेल, तर मोबाइलने चेहऱ्याजवळून काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवू नका. कपाळाला कार्ड लावून फोटो काढायची पद्धत लोकप्रिय आहे, कारण त्या कार्डाची रुंदी ठरलेली, ८५.६ मिलिमीटर, असते. पण हात लांब करून ४० सेंटिमीटरवर कॅमेरा धरला तर दोन चुका एकाच दिशेने होतात. कार्ड बाहुल्यांपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे असते, म्हणून ते जरा मोठे दिसते आणि त्या मानाने बाहुल्यांतले अंतर कमी भरते. शिवाय कॅमेऱ्याकडे पाहताना डोळे आत वळलेले असतात. दोन्ही मिळून माप तीन-चार मिलिमीटरने कमी येऊ शकते. फोटोच काढायचा तर दुसऱ्याने दोन मीटर अंतरावरून, झूम करून काढावा. या चुका मिलिमीटरच्या आत येतात.

याहून साधी पद्धत पट्टीची आहे. मोजणाऱ्याने तुमच्यासमोर हातभर अंतरावर, डोळे समान उंचीवर ठेवून बसावे आणि मिलिमीटरची पट्टी तुमच्या नाकावर आडवी टेकवावी. त्याने आपला उजवा डोळा मिटावा. तुम्ही त्याच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे पाहावे. तुमच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य आणावे. मग पट्टी न हलवता त्याने डावा डोळा मिटून उजवा उघडावा, तुम्ही आता त्या उजव्या डोळ्याकडे पाहावे आणि तुमच्या डाव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचावा. डोळे असे आलटून-पालटून मिटण्यामुळे दोन्ही नजरा जवळपास समांतर राहतात आणि दूरचा पीडी मिळतो. तीन वेळा मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर मोजणे नीट झालेले नाही. काळ्या डोळ्यांत बाहुलीचा मध्य दिसत नसेल, तर उजव्या डोळ्याच्या काळ्या भागाच्या बाहेरच्या कडेपासून डाव्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजावे. अंतर तेच येते.

प्रत्येक डोळ्याचे नाकाच्या मध्यापासूनचे अंतर वेगळे मोजावे का, असा पुढचा प्रश्न येतोच. साध्या, एकाच नंबरच्या भिंगांत त्याचा आग्रह धरण्याची गरज नाही. समजा तुमचे उजवीकडे २८ आणि डावीकडे ३० आहे आणि कारखान्याने ५८ चे सरळ दोन भाग करून २९-२९ धरले. मग एका डोळ्यात ०.६५ प्रिझम एका दिशेने आणि दुसऱ्यात ०.४५ विरुद्ध दिशेने पडतो. ते एकमेकांना जवळजवळ रद्द करतात आणि ०.२ उरतो, जो कुणाला जाणवत नाही. दूर आणि जवळ दोन्हींसाठीच्या प्रोग्रेसिव्ह भिंगांचे मात्र तसे नाही. तिथे वाचनाचा भाग खाली अरुंद पट्ट्यात असतो आणि एक मिलिमीटर चुकले तरी एका डोळ्याची नजर त्या पट्ट्याच्या कडेला जाते. शिवाय बाहुलीची उंची, तीही निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवल्यानंतर, मोजावी लागते. ज्या फ्रेमला अजून हात लागलेला नाही तिच्यावर ही उंची मोजता येत नाही. म्हणून प्रोग्रेसिव्ह मागवताना फक्त एक पीडी विचारणाऱ्या विक्रेत्याकडून मी घेणार नाही. फ्रेम आधी मागवून, ती बसवून, उंची मोजून मग भिंगे करणारा असेल तर घेईन.

तुमच्या बाबतीत असे करा. दूरचा पीडी ५८ च आहे याची खात्री करून घ्या, सध्याच्या चष्म्याच्या केंद्रांतले अंतर मोजून घ्या आणि परत पाठवण्याची मुदत असेल तर या फ्रेमसकट चष्मा परत करून लहान फ्रेम निवडा. मुदत संपली असेल तर दोन दिवस जुना चष्मा वापरून कपाळ ठणकायचे थांबते का ते पाहा. जुनाही नसेल, तर नवी भिंगे होईपर्यंत फ्रेम निदान घट्ट करून सरळ बसवून घ्या, म्हणजे वर-खालची तफावत तरी कमी होईल. आडवी ओढ राहील. नवा चष्मा हातात आला की भिंगांवरचे ठिपके आणि बाहुल्या जुळतात का हे घालून तपासा आणि ते जुळल्यावरच काड्यांचे अंतिम वाकवणे करून घ्या.